मावशीच्या लग्नातलं ते गाणं कुठलं?

‘मावशीच्या लग्नात वाजलेलं एक जुनं हिंदी गाणं शोधतेय. रफीचं आहे. फार गोड चाल. त्यात दुलहनिया असा शब्द येतो. कुणाला आठवतंय का?’

अशी विचारणा वाचून जुन्या गाण्यांचे जाणकारसुद्धा हात टेकतात. गोड चालीची हिंदी गाणी हजारो आहेत. दुलहनिया हा शब्द तर गीतकारांनी इतका वापरला आहे, की त्यावरून काहीच ठरत नाही. उरला रफीचा आवाज, आणि तोच या पाच वाक्यांतला सगळ्यात घातक भाग आहे. कारण ती ऐकलेली गोष्ट नाही. जुन्या काळातला पुरुषी आवाज म्हणजे रफीच असणार, असा विचारणारीने केलेला तो अंदाज आहे. जाणकार मात्र तो पुरावा समजतात आणि रफीच्या गाण्यांत शोधत बसतात.

अर्धवट आठवणाऱ्या गाण्याचं वर्णन करताना पहिली गाळणी इथेच लावायची असते. कानांनी काय ऐकलं आणि डोक्याने नंतर काय जोडलं, हे वेगळं करायचं. गायकाचं नाव लिहिण्याऐवजी आवाज कसा होता ते लिहायचं: जाड की पातळ, मोकळा की दबका, हसरा की रडवेला, एकटा की मागे कोरस. वाद्याचंही तसंच. 1954 सालच्या ‘नागिन’ सिनेमातली पुंगी आठवणारे लाखो लोक आहेत, पण त्या ध्वनिमुद्रणात खरी पुंगी नव्हती. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजी यांनी क्लॅव्हायोलिन हे विजेवर चालणारं वाद्य वाजवून तो आवाज काढला, आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. म्हणून ‘पुंगी होती’ यापेक्षा ‘पुंगीसारखा आवाज होता’ हे लिहिणं कधीही सुरक्षित.

आता वरची विचारणा पुन्हा लिहून पाहू. समजा, तीच बाई थोडं आठवून असं सांगते: ‘लग्न फेब्रुवारी 1978 मध्ये, मिरजेला. जेवणाच्या पंगती चालू असताना मांडवातल्या लाऊडस्पीकरवर तबकडी लागली होती. चाल जलद, टाळ्या वाजवाव्याशा वाटणारी. पुरुषाचा आवाज मोकळा, खट्याळ. बाईचाही आवाज होता. दुलहनिया घेऊन जाऊ, अशा अर्थाचं ध्रुवपद. दुलहनिया हा शब्द नक्की, बाकीचे अंधुक.’

पहिला जाणकार लगेच म्हणणार, अहो, हे तर ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’! पण तो सिनेमा 1995 चा. 1978 च्या मांडवात त्याचं गाणं वाजणं शक्यच नाही. लग्नाची तारीख इथे नुसती आठवण राहत नाही, गाण्याची शेवटची मर्यादा ठरते, कारण गाणं त्या तारखेच्या आधीचं असलंच पाहिजे. मग दुसरा जाणकार उलटा विचार करतो: 1995 च्या त्या सिनेमाचं नाव आलं कुठून? किरण खेर यांनी ते सुचवलं, एका जुन्या गाण्यावरून. ते गाणं 1974 च्या ‘चोर मचाए शोर’मधलं, संगीत रवींद्र जैन यांचं, आवाज किशोरकुमार आणि आशा भोसले यांचे. साल बसलं, स्त्री-पुरुष आवाज बसले, खट्याळपणा बसला, शब्द बसला. रफी तेवढा चुकीचा होता.

या दुसऱ्या वर्णनात बाईने एक फार चांगली गोष्ट केली, ती सहज नजरेतून सुटते. तिने खात्रीचं काय आणि अंधुक काय, हे सांगितलं. सगळंच ठामपणे सांगितलं, तर एक चुकीचा तपशील बरोबरच्या चार तपशिलांना खाली ओढतो. आठवणाऱ्याने स्वतःच खात्रीचा क्रम लावून दिला, तर शोधणाऱ्याला कुठला धागा सोडायचा ते कळतं.

‘लग्नाचं गाणं’ या शब्दांनी होणारी फसगत वेगळीच आहे. लग्नात वाजलेलं गाणं आणि लग्नावरचं गाणं, या दोन भिन्न गोष्टी. ‘ये देश है वीर जवानों का’ या गाण्यावर किती वराती नाचल्या असतील याची गणती नाही, पण ते 1957 च्या ‘नया दौर’मधलं, साहिर लुधियानवी यांनी लिहिलेलं, ओ. पी. नय्यर यांनी चाल दिलेलं देशाबद्दलचं गाणं आहे. बँडवाल्यांना त्याचा भांगड्याचा ठेका हवा असतो, अर्थाशी त्यांना कर्तव्य नसतं. तेव्हा नवरा-नवरीच्या गाण्यांतच शोधत बसलं तर ते कधी सापडणार नाही. म्हणून गाणं ‘कशाबद्दल होतं’ यापेक्षा ‘कुठल्या क्षणी वाजलं’ हे लिहावं: हळदीला, सीमांतपूजनाला, अंतरपाट दूर झाल्यावर, पंगतीला, वरातीत की पाठवणीला. आणि लोक काय करत होते तेही लिहावं. वरातीतली पोरं दातांत रुमाल धरून जमिनीवर लोळत होती, एवढं एक वाक्य लिहिलं तरी ‘नागिन’चं नाव पुढे यायला वेळ लागत नाही.

लग्नाच्या व्हिडिओवरून आठवणाऱ्यांना तर आणखी सावध राहावं लागतं. व्हीएचएस कॅसेटच्या काळात व्हिडिओवाले मूळ आवाज काढून टाकून त्यावर आपल्या पसंतीची सिनेमागीतं चढवत असत. त्यामुळे ‘लग्नात वाजलेलं’ म्हणून घरात वर्षानुवर्षं सांगितलं जाणारं गाणं प्रत्यक्ष लग्नात वाजलेलंच नसतं. अशा वेळी गाण्याची शेवटची मर्यादा लग्नाच्या तारखेवरून ठरत नाही, कॅसेट तयार होऊन हातात आली त्या तारखेवरून ठरते, आणि यात काही महिन्यांचा फरक पडू शकतो. शिवाय त्या काळात गाजलेली जुनी गाणी नव्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेट बाजारात भरपूर होत्या. चाल तीच, शब्द तेच, गायक निराळा. आवाज जुळत नाही म्हणून बरोबर उत्तर नाकारण्याआधी ही शक्यता तपासावी.

शब्द अजिबात आठवत नसतील, तर? बँडच्या बाबतीत हे नेहमीचंच, कारण तिथे शब्द नसतातच. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट गायकाची ओळ वाजवतं, बाकीचे ठेका धरतात. मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळवून गाणं ओळखणारी फोनमधली साधनंही इथे फारशी कामी येत नाहीत, कारण बँडने वाजवलेलं म्हणजे ते ध्वनिमुद्रण नव्हे.

इथे माणसाच्या स्मृतीचा एक गुण उपयोगी पडतो. मानसशास्त्रज्ञ जे डाउलिंग यांच्या प्रयोगांत दिसलं, की नुकतीच ऐकलेली नवी चाल ओळखताना माणसं स्वरांच्या नेमक्या अंतरांपेक्षा ती वर गेली की खाली आली या आकारावर जास्त विसंबतात. इंग्लंडमध्ये डेनिस पार्सन्स यांनी याच आकारावर बेतलेला चालींचा कोश 1975 मध्ये काढला. रीत अगदी सोपी. पहिला स्वर धरायचा आणि पुढच्या प्रत्येक स्वराला एकच प्रश्न विचारायचा: मागच्यापेक्षा वर, खाली की तेवढाच? शाळेत सगळ्यांनी म्हटलेलं ‘ट्विंकल ट्विंकल’ घ्या. त्याची सुरुवात सा सा प प ध ध प. पहिला सा सोडून दिला तर आकार होतो: तेवढाच, वर, तेवढाच, वर, तेवढाच, खाली. स्वरज्ञान नसलेल्यालाही हे लिहिता येतं, आणि दहा-बारा स्वरांचा असा आकार दिला की जाणकाराला गुणगुणून पाहायला काहीतरी हाती लागतं.

आपल्या गाण्यांत मात्र याला मर्यादा आहे. मींड आणि मुरक्या इतक्या असतात, की प्रत्येक हालचाल मोजायला गेलं तर आकाराचा गुंता होतो. तेव्हा जिथे शब्द किंवा श्वास थांबतो, तेवढेच ठळक स्वर धरावेत. जोडीला वेग द्यावा. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद टाळी देऊन तिची चौपट केली, की मिनिटाच्या मात्रा मिळतात. याही बाबतीत स्मृती विश्वासू आहे. डॅनियल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांनी 1996 मध्ये दाखवलं, की आवडीची गाणी आठवून गाणाऱ्या बहुतेकांचा वेग मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा फार तर आठ टक्क्यांनी इकडेतिकडे होता. बँड मात्र नाचणाऱ्यांप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे बँडवरून आठवलेला वेग अंधुकच्या रकान्यात टाकलेला बरा.

आपण कुठला तुकडा आठवतोय, हेही सांगावं. सिनेमागीतांच्या सूच्या मुखड्याच्या पहिल्या शब्दांवर लावलेल्या असतात, आणि डोक्यात मात्र पुष्कळदा अंतरा अडकून बसतो. ‘ही बहुधा मधली ओळ आहे, हिच्यानंतर ध्रुवपद परत येतं’ असं लिहिलं, तर शोधणारा चुकीच्या अक्षराखाली सूची चाळत बसत नाही.

एवढं सगळं करूनही काही गाण्यांना नाव मिळत नाही, कारण त्यांना नाव नसतंच. आगरी-कोळी लग्नांत धवलारीण जे धवले गाते, घाणा भरताना किंवा हळद दळताना बायका ज्या ओव्या म्हणतात, त्यांना ना गायक ना सिनेमा. एकाच चालीवर पन्नास ओव्या बसतात, आणि नवरीचं नाव, मामाचं गाव, वऱ्हाडाची वाट घराप्रमाणे बदलते. अशा गाण्याबद्दल ‘याचं नाव काय’ असं विचारून उपयोग नाही. गाव आणि तालुका कुठला, समाज कुठला, कुठल्या विधीला म्हटलं जायचं, म्हणणारी एकटी होती की दुसरी ओळ उचलणाऱ्या बायका होत्या, एवढं सांगितलं की शोधाला दिशा मिळते.

ओव्यांपुरता तरी शोध घ्यायला जागा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होतो, आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गावही दिलेलं असतं.