आधी जॅकेट, मग पट्टा, मग वाट

फेरीबोट सुटण्याच्या सुमारास ध्वनिवर्धकावरून ऐकवल्या जाणाऱ्या सुरक्षा सूचनेचं मुख्य काम एकच असतं: प्रवाशाला लाइफजॅकेट नीट घालता येणं. आंतरराष्ट्रीय जलप्रवासाला लागू असलेल्या ‘सोलास’ करारानुसार जॅकेटची कसोटी अशी आहे, की ते आधी कधीच न हाताळलेल्या किमान 75 टक्के लोकांना कुणीही न सांगता एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे, आणि एकदा दाखवल्यावर सगळ्यांना. चारांतला जो एक जण आपोआप जमवू शकत नाही, त्याच्यासाठी ही सूचना असते. देशांतर्गत छोट्या लाँचना त्या-त्या देशाचे नियम लागतात. पण जॅकेट घालण्याची रीत समुद्रागणिक बदलत नाही.

सूचनेतल्या वाक्यांचा क्रम हाताच्या हालचालींचा क्रम असावा लागतो. गेटवे ते मांडवा लाँचसाठी असा मजकूर लिहायचा झाला, तर तो साधारण असा होईल:

“प्रवाशांनो, इकडे लक्ष द्या. लाइफजॅकेट तुमच्या सीटखाली आहे. बाहेर काढा. डोक्यातून घाला. पट्टा कमरेभोवती घ्या. पुढे अडकवा. ओढून घट्ट करा. पुन्हा सांगतो: डोक्यातून घाला, पट्टा अडकवा, ओढून घट्ट करा. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला, की जॅकेट घाला आणि खलाशी सांगेल तिकडे जा.”

यात “परिधान करण्यात यावे” नाही, “सर्व प्रवाशांना सूचित करण्यात येते” नाही. सरकारी मराठीत कर्ता हरवतो आणि घाबरलेल्या माणसाला हे काम आपलंच आहे, हे कळायला वेळ लागतो. “घाला” म्हटलं की कळतं. दुसरी अडचण मराठीच्या वाक्यरचनेतच आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. इंजिनाच्या घरघरीत “पाण्यात उडी मारू नका” यातला “नका” गेला, तर उरतं ते नेमकं उलटं. म्हणून तिथे “जागेवर थांबा, खलाशाकडे पाहा” असं होकारार्थी सांगणं बरं.

पुनरावृत्ती सगळ्याची करायची नसते. पट्टा ओढण्याचं वाक्य मात्र दोनदा यायलाच हवं, कारण चूक बहुधा तिथेच होते. जॅकेट अंगात गेलं की प्रवाशाला काम झाल्यासारखं वाटतं. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं, हनुवटी-कानांपर्यंत येतं, आणि माणूस त्यातून खाली निसटू शकतो. खलाशाने खांद्याशी धरून वर उचलून पाहिलं, तर लगेच कळतं: कानापर्यंत आलं तर पट्टा पुन्हा ओढायचा. मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल तर सहज निसटतं. म्हणून “मुलांचं जॅकेट खलाशाकडून मागून घ्या” हे वेगळं वाक्य लागतं. दुसऱ्यांदा सांगताना शब्दही तेच हवेत. पहिल्यांदा “अडकवा” आणि नंतर “लॉक करा” म्हटलं, तर ऐकणारा वेगळी कळ शोधू लागतो.

दोन आज्ञांमध्ये शांतताही लिहून ठेवावी लागते. “अडकवा” म्हटल्यावर समोरचा खलाशी स्वतःचा पट्टा अडकवून दाखवेपर्यंत आवाजाने थांबायला हवं. आवाज पुढे आणि खलाशी मागे, असं झालं की प्रवासी दोन्हीकडचं लक्ष काढून मोबाइलकडे वळतो. सूचना शक्यतो इंजिनाचा वेग वाढण्याआधीच वाजवावी. “सीटखाली” म्हणताना जॅकेट खरोखर तिथेच आहे ना, हेही आधी पाहायला हवं. एकाच मालकाच्या दोन लाँचमध्ये ती ठेवण्याची जागा वेगवेगळी असू शकते.

18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीने एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ला धडक दिली. डझनाहून अधिक माणसं गेली. अशी टक्कर काही क्षणांत होते. तेव्हा जॅकेट शोधायला वेळ कुठला? त्यामुळे छोट्या लाँचवर “भोंगा झाला की घाला” यापेक्षा “बसताच घाला” हीच आज्ञा योग्य.

ध्वनिमुद्रित आवाजाला एक मर्यादा आहे: समोर काय घडतंय ते त्याला दिसत नाही. संकट सुरू झालं, की बोलायचं कप्तानाने आणि खलाशांनी, जिवंत आवाजात, परिस्थिती पाहून. “थांबा” या आज्ञेला पुढची “आता निघा” ही आज्ञा जोडलेली असली पाहिजे. 16 एप्रिल 2014 रोजी दक्षिण कोरियाची ‘सेवोल’ फेरी कलंडत असताना प्रवाशांना आहात तिथेच थांबायला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं, आणि निघायला सांगणारी आज्ञा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. सूचना स्पष्ट होती, शब्द सोपे होते, पुनरावृत्तीही होती. 304 जण गेले. त्यांत सहलीला निघालेले 250 विद्यार्थी होते. प्रवाशांना आत सोडून निघून गेलेल्या कप्तानाची जन्मठेप तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2015 मध्ये कायम केली.