नाव बदललं का? बदललंय की! अजून नाही! इंग्रजीत सांगताना 'ऑलरेडी', 'येट' आणि 'स्टिल' कुठे वापरायचे?

उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण ते एका दिवसात झाले नाही. आधी शहराचे नाव बदलले, मग जिल्ह्याचे आणि नंतर रेल्वे स्थानकाचे. त्यामुळे बरीच वर्षे जिल्ह्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात ऐकू येत होता. 'याचं नाव बदललं का?' त्याला उत्तरेही तीनच होती. 'बदललंय की', 'अजून नाही' आणि जरा वैतागून 'अजूनही नाहीच'.

मराठीत ही उत्तरे सहज तोंडात येतात. इंग्रजीत मात्र त्यांच्यासाठी ऑलरेडी, येट आणि स्टिल असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येकाची वाक्यातली जागा वेगळी आहे. बाहेरगावी नोकरीला असलेला तरुण नाव दुरुस्तीसाठी इंग्रजीत मेल लिहितो, तेव्हा चूक नेमकी इथेच होते. कधी वाक्य चुकते, तर कधी वाक्य बरोबर असूनही सूर चुकतो.

आधी काळ समजून घेऊ

'नाव बदलले आहे' यासाठी इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजेच प्रेझेंट परफेक्ट वापरतात. हॅज किंवा हॅव आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप. 'द नेम हॅज चेंज्ड.' काम केव्हा झाले हे या वाक्यात सांगितलेले नसते. आज या घडीला स्थिती काय आहे, एवढेच त्यातून कळते. 'आत्तापर्यंत झाले की नाही' या प्रश्नाचे उत्तर याच काळात दिले जाते, म्हणून हे तीन शब्द त्याच्याशी जोडून येतात.

एक तारीख, तीन वाक्ये

नामांतराचा क्रम आठवून पाहू. राज्य मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी हा निर्णय घेतला. सरकार बदलल्यावर १६ जुलै २०२२ रोजी नव्या मंत्रिमंडळाने तो पुन्हा घेतला. केंद्राच्या मंजुरीनंतर २४ फेब्रुवारी २०२३ रोजी शहराचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जिल्हा आणि तालुक्याच्या नावाची अधिसूचना मात्र १५ सप्टेंबर २०२३ रोजी निघाली.

आता समजा, आज १ मार्च २०२३ आहे. पुण्याहून कोणी इंग्रजीत विचारले, 'हॅज द नेम चेंज्ड येट?' म्हणजे 'नाव बदलले का?' त्या दिवशीचे खरे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

'द सिटी नेम हॅज ऑलरेडी चेंज्ड.' शहराचे नाव बदललेले आहे.

'द डिस्ट्रिक्ट नेम हॅझन्ट चेंज्ड येट.' जिल्ह्याचे नाव अजून बदललेले नाही.

आणखी सहा महिने पुढे जाऊ. ऑगस्ट २०२३ संपत आला, पण जिल्ह्याची अधिसूचना आलेली नाही. शहराचे नाव बदलून अर्धे वर्ष झाले तरी जिल्हा कागदावर जुन्याच नावाने आहे. वाट पाहून कंटाळलेला माणूस तेव्हा म्हणेल, 'द डिस्ट्रिक्ट नेम स्टिल हॅझन्ट चेंज्ड.' माहिती मार्चमधल्या वाक्याचीच आहे, फक्त सूर बदलला. 'एव्हाना व्हायला हवे होते' हा भाव त्यात आला.

ऑलरेडी : 'झालंय की!'

मराठीत ऑलरेडीसाठी 'आधीच', 'केव्हाच' हे शब्द आहेत. पण बोलताना बऱ्याचदा नुसता 'की' ते काम करतो. 'जेवण झालं का?' 'झालं की!' समोरच्याला वाटते त्याच्या आधी काम उरकले आहे, हे त्या 'की'मधून कळते. ऑलरेडीचा अर्थ नेमका हाच आहे.

त्याची नेहमीची जागा हॅज किंवा हॅव आणि क्रियापद यांच्या मध्ये असते. 'आय हॅव ऑलरेडी पेड द फी.' म्हणजे शुल्क मी भरलेले आहे. जोर द्यायचा असेल तर तो वाक्याच्या शेवटीही चालतो.

प्रश्नात ऑलरेडी आला की त्यात आश्चर्य असते. 'हॅव दे चेंज्ड द बोर्ड ऑलरेडी?' म्हणजे 'अरे, इतक्यात पाटी बदललीसुद्धा?' साधी चौकशी करायची असेल तर इथे येट हवा. नकारार्थी उत्तरात ऑलरेडी घालत नाहीत. 'अजून झाले नाही' म्हणायचे तर 'हॅझन्ट ऑलरेडी' नव्हे, 'हॅझन्ट' आणि शेवटी 'येट'.

येट : मराठी प्रश्नात न दिसणारा शब्द

येट दोनच ठिकाणी येतो, प्रश्नात आणि नकारात. दोन्हीकडे त्याची नेहमीची जागा वाक्याच्या शेवटी असते.

नकारातला येट मराठी माणसाला लगेच सापडतो, कारण तिथे 'अजून' किंवा 'अद्याप' असतोच. पण मराठी वाक्यात 'अजून' आधी येतो. 'अजून दाखला मिळालेला नाही.' हाच क्रम डोक्यात राहिला की इंग्रजी वाक्यही येटनेच सुरू होते, आणि तिथे अर्थ बिघडतो. वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या येटचा अर्थ 'तरीही' असा होतो. योग्य वाक्य आहे, 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द सर्टिफिकेट येट.'

प्रश्नातला येट मात्र निसटतो. 'दाखला मिळाला का?' या मराठी प्रश्नात 'अजून' नाही, म्हणून इंग्रजी करताना तो सुचत नाही. 'हॅव यू रिसीव्ह्ड द सर्टिफिकेट?' हे वाक्य चुकीचे नाही. पण दाखला येणार हे दोघांनाही माहीत असेल आणि आत्तापर्यंत आला का एवढेच विचारायचे असेल, तर शेवटी येट हवा. 'हॅव यू रिसीव्ह्ड द सर्टिफिकेट येट?'

स्टिल : 'अजूनही नाहीच'

पूर्ण वर्तमानकाळात या अर्थाचा स्टिल नकारार्थी वाक्यातच येतो. हॅझन्ट किंवा हॅवन्ट अशी जोडरूपे असतील तर तो त्यांच्या आधी बसतो. 'दे स्टिल हॅवन्ट रिप्लाइड.' त्यांनी अजूनही उत्तर दिलेले नाही. 'दे हॅवन्ट स्टिल रिप्लाइड' ही मांडणी चुकीची आहे. हॅव आणि नॉट वेगळे लिहिले असतील तर मात्र 'दे हॅव स्टिल नॉट रिप्लाइड' असेही लिहितात, बातम्यांत ते नेहमी दिसते.

होकारात काय करायचे? तिथे वाक्याची रचनाच बदलते. धाराशिव स्थानकाचा जुना कोड UMD होता. जून २०२५ मध्ये स्थानकाचे नाव धाराशिव झाले आणि कोड DRSV झाला. त्याआधी महिनाभर कोणी कोड विचारला असता, तर उत्तर होते, 'द कोड इज स्टिल UMD.' म्हणजे कोड अजून तोच आहे. जुनी स्थिती चालू आहे हे सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो. तीच गोष्ट बदलाच्या बाजूने सांगायची तर 'द कोड हॅझन्ट चेंज्ड येट'. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात.

गोंधळाचे मूळ 'अजून'मध्ये

मराठीत 'अजून' एकटाच तीन कामे करतो. 'अजून आला नाही' इथे तो येट आहे. 'अजून इथेच आहे' इथे तो स्टिल आहे. 'अजून एक फोटो द्या' इथे तो दोन्ही नाही, तिथे इंग्रजीत 'वन मोर' म्हणतात. म्हणून 'अजून' दिसला की शब्द शोधण्याआधी वाक्य पाहावे. काम झालेले नाही असे सांगायचे आहे, जुनीच स्थिती चालू आहे असे सांगायचे आहे, की आणखी काही हवे आहे? हे ठरले की इंग्रजी शब्द आपोआप ठरतो.

तारीख आली की काळ बदलतो

सर्वात जास्त आढळणारी चूक मात्र या तीन शब्दांची नाही, त्यांच्यासोबत जोडलेल्या तारखेची आहे. 'जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ मध्येच बदलले आहे' हे मराठीत चालते. इंग्रजीत 'द डिस्ट्रिक्ट नेम हॅज ऑलरेडी चेंज्ड इन सप्टेंबर २०२३' चालत नाही. संपलेली वेळ सांगितली की पूर्ण वर्तमानकाळ सोडून साधा भूतकाळ घ्यावा लागतो. 'द डिस्ट्रिक्ट नेम चेंज्ड इन सप्टेंबर २०२३.' तारीख सांगायची नसेल तरच 'हॅज ऑलरेडी चेंज्ड'. 'काल', 'गेल्या आठवड्यात', 'दोन महिन्यांपूर्वी' या शब्दांनाही हाच नियम लागू आहे.

अमेरिकी चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्यांना इथे शंका येते. तिथे 'डिड यू ईट येट?' असे ऐकू येते. अमेरिकी बोलण्यात येट आणि ऑलरेडी साध्या भूतकाळासोबतही चालतात. भारतात शाळेत आणि परीक्षांत साधारणपणे ब्रिटिश पद्धत शिकवली जाते. त्यामुळे उत्तरपत्रिकेत आणि अर्जात 'हॅव यू ईटन येट?' हीच मांडणी सुरक्षित.

मेलमध्ये सूर कसा बदलतो?

समजा, कागदपत्रावर जिल्ह्याचे नवे नाव यावे म्हणून एकाने अर्ज केला. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे. दहाव्या दिवशी त्याने लिहिले, 'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड द न्यू कॉपी येट.' ही साधी चौकशी झाली. प्रत अजून आली नाही, येईल अशी अपेक्षा आहे.

त्याच दिवशी त्याने 'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड द न्यू कॉपी' लिहिले असते, तर व्याकरण बरोबर असूनही ते तक्रारीसारखे वाचले गेले असते. मुदत संपलेली नसताना असा सूर समोरच्याला टोचतो. पंचविसाव्या दिवशी मात्र तेच वाक्य योग्य आहे, कारण आता उशीर खरोखर झालेला आहे.

समोरून उत्तर आले, 'वी हॅव ऑलरेडी सेंट इट.' म्हणजे प्रत पाठवलेली आहे. यावर पुढचा प्रश्न तारखेचा असणार आणि तो साध्या भूतकाळातच विचारायचा. 'व्हेन डिड यू सेंड इट?' कधी पाठवली? 'व्हेन हॅव यू सेंट इट?' असे विचारत नाहीत, कारण 'केव्हा' विचारले की वेळेचा मुद्दा आला.

स्वतः तपासण्यासाठी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत धाराशिव जिल्ह्यातल्या मतदारांनी ज्या मतदारसंघात मतदान केले, त्याचे अधिकृत नाव तेव्हाही उस्मानाबाद हेच होते. त्या दिवसापुरती तीन वाक्ये तयार करून पाहा. जिल्ह्याचे नाव बदललेले आहे. मतदारसंघाचे अजून बदललेले नाही. स्थानकाचे बदलले का?

उत्तरे अशी : 'द डिस्ट्रिक्ट नेम हॅज ऑलरेडी चेंज्ड.' 'द कॉन्स्टिट्यूएन्सी नेम हॅझन्ट चेंज्ड येट.' 'हॅज द स्टेशन नेम चेंज्ड येट?' या शेवटच्या प्रश्नाचे त्या दिवशीचे उत्तर दोनच शब्दांचे होते, 'नॉट येट'.