पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास का येतो? सॅनिटायझर लिक्विड भारी की ऊन-इस्त्री?

जुलै महिना, ठाण्यातली आमची एक खोली आणि दोरीवर दाटीवाटीने दहा कपडे. दोन दिवसांनी टी-शर्ट हातात घेतला तर वाळलेला होता, पण वास तोच, ओल्या फडक्यासारखा. मग मीही बाटली आणली, कपडे सॅनिटाइझ करायचं लिक्विड. तरी वास गेला नाही. असं का झालं, ते सांगतो.

हा वास पाण्याचा नसतो. गार पाण्यात धुतल्यावर घामाचा तेलकट अंश आणि थोडे जंतू धाग्यात राहतातच. कपडा बराच वेळ ओला राहिला की ते वाढतात. यातला मुख्य जंतू म्हणजे मोराक्सेला. जपानमधल्या संशोधकांनी 2012 मध्ये त्याचं नाव पुढे आणलं. तो तेलकट अंशापासून एक आम्ल तयार करतो आणि आपल्या नाकाला जाणवतं ते हेच. इस्त्री न केलेला शर्ट सकाळी ठीक वाटतो आणि ट्रेनमध्ये घाम आला की पुन्हा वास मारतो, कारण उरलेल्या जंतूंना परत ओल मिळते.

आता लिक्विड. बऱ्याच लिक्विडमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं रसायन असतं. माझी चूक म्हणजे मी ते साबणासोबतच टाकलं. साबण त्याला निकामी करतो. ते शेवटच्या खळबळणीच्या स्वच्छ पाण्यात टाकायचं आणि बाटलीवर लिहिलेला वेळ कपडे त्यात भिजू द्यायचे. पण नीट वापरलं तरी ते कपडे वाळवत नाही. कपडे पुढे दोन दिवस ओलेच राहिले, तर उरलेले जंतू पुन्हा वाढायला मोकळे!

ऊन सगळे जंतू मारतं असं आपण धरून चालतो. मोराक्सेला मात्र ऊन आणि कोरडेपणा बऱ्यापैकी सहन करतो. उन्हाचा खरा फायदा म्हणजे कपडे पटकन वाळतात, जंतूंना वाढायला वेळच मिळत नाही.

तेच घरात कसं जमवायचं? मी मशीनमध्ये स्पिन दोनदा लावतो. दोन कपड्यांत हातभर जागा सोडतो, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढतो आणि टेबल फॅन थेट कपड्यांवर लावतो. टी-शर्ट रात्रीत वाळतो. मग इस्त्री. सुती कपड्यावरची गरम इस्त्री जंतू मारते, फक्त घाईत फिरवू नका. कॉलर, काख आणि कमरपट्टा इथे जरा थांबा, ओल तिथेच लपते. पॉलिस्टरला मात्र कमी ताप द्या, नाहीतर कपडा चिकटेल.

म्हणून माझ्याकडे आता लिक्विड फक्त दोन कामांना आहे: इस्त्री न चालणारे जिमचे कपडे आणि घरात कोणी आजारी असेल तर त्यांचे कपडे. टॉवेलला आधीच वास लागला असेल तर तो 60 अंशाच्या पाण्यात धुवा, लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर.