३८ डॉलरचं पेट्रोल, अडकले १७५

अमेरिकेत नव्याने शिकायला गेलेल्या मुलांना पहिल्याच महिन्यात हा धक्का बसू शकतो. समजा, डेबिट कार्डाच्या खात्यात २२० डॉलर आहेत. पंपावर कार्ड घातलं, ३८ डॉलरचं पेट्रोल भरलं, नळी जागेवर ठेवली आणि निघालं. संध्याकाळी किराणा दुकानात ६० डॉलरच्या बिलाला कार्ड नाकारलं जातं. अ‍ॅप उघडून पाहावं तर वापरता येण्याजोगे फक्त ४५ डॉलर. पंपाच्या नावापुढे १७५ डॉलर, आणि शेजारी ‘pending’.

ही लूट नाही. १७५ डॉलर खात्यातून गेलेले नाहीत, ते खात्यातच अडवून ठेवलेले आहेत. आपल्याकडे आयपीओला अर्ज केल्यावर रक्कम खात्यातच राहते, पण शेअर मिळेपर्यंत हात लावता येत नाही, तसंच हे.

असं का करावं लागतं, याचं उत्तर तिथल्या पंपाच्या रचनेत आहे. आपल्याकडे पंपावरचा माणूस आधी पेट्रोल भरतो, आकडा दिसतो आणि मग मशीनवर तेवढीच रक्कम टाकतो. अमेरिकेत ग्राहक आधी कार्ड घालतो आणि मग स्वतः भरतो. कार्ड घातलं त्या क्षणी तो १० डॉलरचं घेणार की पिकअपची मोठी टाकी काठोकाठ भरणार, हे कुणालाच माहीत नसतं. भरलेलं पेट्रोल परत काढून घेता येत नाही. म्हणून पंप नळी सुरू करण्याआधीच बँकेला विचारतो, एवढ्या रकमेची हमी देता का? बँक ‘हो’ म्हणते आणि तेवढी रक्कम राखून ठेवते. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी ही कमाल मर्यादा २०२२ मध्ये १२५ वरून १७५ डॉलरवर नेली, कारण त्या वर्षी तेल इतकं महागलं की मोठ्या गाडीची टाकी जुन्या मर्यादेत भरेना.

काही पंप तर केवळ १ डॉलरची विचारणा करतात. त्यावर किती रक्कम अडवायची हे कार्ड देणारी बँक ठरवते. त्यामुळे एकाच पंपावर दोघांच्या अ‍ॅपमध्ये वेगवेगळे आकडे दिसू शकतात. नळी जागेवर गेली की पंपाने खरी रक्कम कळवायची असते. ती लगेच पोचली आणि बँकेने लगेच जुळवली तर उरलेले १३७ डॉलर काही तासांत मोकळे होतात. नाहीतर अंतिम हिशेब बँकेत येईपर्यंत एक-दोन दिवस, मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी थोडे, थांबावं लागतं.

क्रेडिट कार्डावर हेच घडतं, पण तिथे अडकते ती लिमिट. डेबिट किंवा फोरेक्स कार्डावर घरभाड्याचे, जेवणाचे खरे पैसे अडकतात. खात्यात थोडेच पैसे असतील तर पंपाच्या दुकानात आत जाऊन ‘सहा नंबरच्या पंपावर ४० डॉलर’ असं सांगून आधीच पैसे भरावेत. रक्कम ठरलेली असल्याने मग १७५ चा प्रश्न उरत नाही.

हॉटेलचा हिशेब जास्त लांबतो, आणि तो आपल्याकडेही लागू आहे. तीन रात्रींचे करासह २०,००० रुपये होणार असतील, तर जेवण, कपडे धुणं, एखादं नुकसान हे धरून काउंटरवर ३०,००० रुपयांचं प्री-ऑथ घेतलं जाऊ शकतं. बँकेचा एसएमएस मात्र खर्च झाल्यासारखाच येतो. निघताना बिल २३,००० झालं, तर हॉटेलने त्याच मंजुरीवर २३,००० वसूल करायचे आणि उरलेले ७,००० सोडायचे, ही योग्य पद्धत.

घोळ होतो तो इथेच. घाईत काउंटरवरचा कर्मचारी जुनी मंजुरी न उघडता कार्ड नव्याने स्वाइप करतो. बँकेच्या लेखी हा वेगळाच व्यवहार. आधीचे ३०,००० अडकलेलेच, वर हे २३,०००, म्हणजे ५३,००० ची लिमिट बांधली जाते. बिल यूपीआयने किंवा दुसऱ्या कार्डाने भरलं तरीही पहिल्या कार्डावरची रक्कम आपोआप सुटत नाही. हॉटेलने रद्द केल्याचा संदेश पाठवला नाही, तर मुदत संपेपर्यंत ती तशीच राहते आणि हॉटेलांच्या बाबतीत ही मुदत महिन्याच्या आसपासही असू शकते.

दोनदा पैसे गेले की फक्त अडकले, हे स्टेटमेंटवरून कळतं. अडवलेली रक्कम ‘पेंडिंग’मध्ये दिसते, पण बिलात चढत नाही आणि तिच्यावर व्याजही लागत नाही. ती बिलात चढली असेल, तरच बँकेकडे दुहेरी वसुलीची तक्रार करायची.

नुसती अडकली असेल तर आधी हॉटेललाच गाठावं, कारण बँक बहुधा हॉटेलच्या संमतीशिवाय ती सोडत नाही. प्री-ऑथच्या चिठ्ठीवर मंजुरीचा क्रमांक छापलेला असतो. ती चिठ्ठी जपून ठेवावी, आणि तो क्रमांक देऊन ‘ही मंजुरी रद्द केली’ असं हॉटेलकडून ईमेलवर लिहून घ्यावं. तोच ईमेल बँकेला पाठवला की काम बरंच सोपं होतं.