कोलंबस परतला कोणत्या वाऱ्याने?

१४९२मध्ये कोलंबस स्पेनहून थेट पश्चिमेला न जाता आधी दक्षिणेला कॅनरी बेटांवर गेला. तिथे त्याला पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे मिळाले. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला ३० अंशांकडची हवा येते. पण पृथ्वीचा पृष्ठभाग ३० अंशांवर ताशी सुमारे १,४५० किलोमीटर, तर विषुववृत्तावर १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेला फिरतो. साहजिकच हवा मागे पडते आणि वारा पूर्वेकडून आल्यासारखा लागतो. हाच कोरिऑलिस परिणाम. समुद्राशी घर्षण होते म्हणून बरे, नाहीतर रोजच वादळ असते! ३० अंशांवरून ध्रुवाकडे निघालेली हवा उलट पुढे सरकते. ते पश्चिमी वारे. परतताना कोलंबस आधी उत्तरेला चढला, तो याच वाऱ्यांच्या पट्ट्यात. १४९३च्या फेब्रुवारीत त्यांनी त्याला अझोर्स बेटांवर पोचवले, पण वादळाने झोडपून.