वाळूच्या दोन जादा खेपा आणि मालकाचे पत्र

घराचे प्लास्टर पुरे होते, फरशी बसते आणि ठेकेदाराच्या शेवटच्या बिलात एक ओळ दिसते: 'वाळू जादा, दोन खेपा, 30,000 रुपये.' मालक म्हणतो, अंदाजपत्रकात तीन खेपा लिहिल्या होत्या, मग पाच कशा लागल्या? ठेकेदार म्हणतो, गाड्या तुमच्या दारात आल्या, शेजाऱ्यांनी पाहिल्या. इथून पुढे बहुतेक ठिकाणी आवाज चढतो आणि वर्षभर सांभाळलेले संबंध तुटतात. माझे म्हणणे असे की दोघेही खरे बोलत असू शकतात. पाचही खेपा खरोखर आलेल्या असतील, आणि तरीही त्या दोन खेपांचे पूर्ण पैसे मालकाने देणे लागत नसेल. मालकाच्या पत्राने हे दाखवून द्यायला हवे, आणि ते रागाने नव्हे, मोजमापाने दाखवता येते.

हिशोब नीट कळावा म्हणून एक नेहमीचे घर समोर धरू. साधारण 800 चौरस फुटांचे, तळमजल्याचे. स्लॅब आधीच पडला आहे. वीटकाम, प्लास्टर आणि फरशीचे काम विटा, सिमेंट, वाळू व मजुरीसह एका ठरलेल्या रकमेत दिले आहे. अंदाजपत्रकात वाळू 9 ब्रास, म्हणजे तीन-तीन ब्रासच्या तीन खेपा, आणि दर ब्रासला 5,000 रुपये लिहिला आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट.

आधी हा 9 ब्रासचा आकडा बरोबर होता का ते पाहू. तोच चुकीचा असेल तर पत्राला आधार राहत नाही. या घरात सुमारे 1,000 घनफूट वीटकाम आहे. वीटकामाच्या तीस टक्के जागा मसाल्याने भरते असे धरले, तर ओला मसाला 300 घनफूट होतो. सिमेंट आणि वाळू पाणी घालून कालवली की त्यांचे आकारमान घटते, म्हणून कोरड्या मालाचा हिशोब करताना 1.33 ने गुणतात. ते झाले 400 घनफूट. एकास सहा प्रमाण असेल तर त्यातले सहा-सप्तमांश वाळू, म्हणजे सुमारे 3.4 ब्रास. आतले प्लास्टर 2,800 चौरस फूट, 15 मिलिमीटर जाडीचे, एकास चार प्रमाणात: त्याला दीड ब्रास. बाहेरचे प्लास्टर 1,700 चौरस फूट, 20 मिलिमीटर जाडीचे: त्याला 1.2 ब्रास. फरशीखालच्या दोन इंची थराला 1.4 ब्रास. बेरीज साडेसात ब्रास. सांडलवंड आणि नासधूस धरून साडेआठ. तेव्हा 9 ब्रासचा अंदाज योग्यच होता, हात राखूनच केलेला होता.

मग 15 ब्रास गेले कुठे? इथेच वाळूचा एक स्वभाव आड येतो, जो ठेकेदाराला माहीत असतो आणि मालकाला क्वचितच. थोडी ओलसर वाळू फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, तो शेजारच्या कणाला दूर ढकलतो आणि ढीग मोठा दिसू लागतो. वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ओल असली की फुगवटा सर्वांत जास्त असतो. वीस-पंचवीस टक्के फुगवटा नेहमीचा, बारीक वाळूत त्याहूनही अधिक. गंमत अशी की वाळू पूर्ण भिजली की हा फुगवटा नाहीसा होतो. अंदाजपत्रक कोरड्या वाळूचे केले जाते आणि गाडी मात्र ओलसर वाळूने भरून येते. पंचवीस टक्के फुगलेल्या तीन ब्रासच्या खेपेत कोरडी वाळू 2.4 ब्रासच असते.

हे कोणालाही घरी तपासता येते. सरळ उभ्या कडांच्या काचेच्या बरणीत ढिगातली ओलसर वाळू न दाबता 20 सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. ती बाहेर काढून ठेवा, बरणीत अर्धे पाणी घ्या, वाळू पुन्हा आत सोडून ढवळा आणि बसू द्या. थर 16 सेंटिमीटरवर स्थिरावला तर घट 4 ची. 4 भागिले 16, म्हणजे पंचवीस टक्के फुगवटा. अशीच चाचणी भारतीय मानकात, आयएस 2386 च्या तिसऱ्या भागात, दिलेली आहे. ठेकेदाराला बोलावून त्याच्यासमोर केलेली उत्तम.

दुसरी गळती गाडीच्या हौद्यात असते. हौदा 14 फूट लांब, 7 फूट रुंद आणि 3 फूट उंच असेल तर तो काठोकाठ भरल्यावर 294 घनफूट, म्हणजे जवळजवळ तीन ब्रास. त्याचा तळ 98 चौरस फुटांचा, म्हणून वरून एक इंच कमी भरली की आठ घनफूट वाळू कमी. चार इंच रिकामे असले तर खेपेमागे ब्रासचा तिसरा हिस्सा गेला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी वाळू दबूनही पातळी उतरते, त्यामुळे गाडीवाल्याने लबाडी केली असे लगेच म्हणता येत नाही. पण पाच खेपांत मिळून ही तूट 1.6 ब्रासची होते.

तिसरी जागा भिंतीत दडलेली आहे. वीटकाम ओळंब्यात नसेल तर ते सरळ दिसावे म्हणून गवंडी प्लास्टर जाड देतो. आतल्या 2,800 चौरस फुटांवर 15 मिलिमीटरऐवजी 25 मिलिमीटर थर चढला तर एक ब्रास वाळू जास्त लागते. स्विचच्या डबीच्या कडेला किंवा चौकटीलगत जिथे प्लास्टरची कड उघडी असेल, तिथे पट्टी लावली की जाडी कळते. ही वाळू मालकाच्या भिंतीत खरोखरच गेलेली असते. पण ती ठेकेदाराच्या वाकड्या बांधणीसाठी गेली.

शिवाय दारात उरलेला ढीग. ढिगाच्या पायाचा घेर फुटांत मोजा, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा आणि 38 ने भागा. आलेला आकडा घनफुटांत. घेर 25 फूट आणि उंची 3 फूट असेल तर सुमारे 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास.

आणि एक गोष्ट मालकाच्या बाजूची, जी त्याने लपवू नये. काम चालू असताना त्याने कुंपणाची 40 फूट लांबीची, चार फूट उंचीची भिंत वाढवून घेतली होती. तिच्या विटा, सिमेंट व मजुरीचे पैसे दिले, वाळूचे राहिले. तिला अर्धा ब्रास धरू.

आता जमाखर्च मांडू. बिलात 15 ब्रास. हौद्यातली तूट वजा करून 13.4. फुगवटा काढल्यावर कोरडी वाळू 10.7 ब्रास. खर्चाच्या बाजूला मूळ काम साडेआठ, कुंपण अर्धा, जाड प्लास्टर एक, उरलेला ढीग अर्धा: साडेदहा. हिशोब जुळला, आणि कोणीही वाळू चोरली नाही. म्हणूनच पत्रात 'तुम्ही वाळू दुसऱ्या साइटवर पळवली' असे लिहिणे घातक ठरते. ते सिद्ध करता येत नाही, आणि पाच वाहतूक परवाने समोर ठेवले की मालकाचे सगळे पत्र खोटे वाटू लागते. खरा मुद्दा निराळा आहे. ठरलेल्या रकमेत पुरे काम करून देण्याचे कबूल केल्यावर वाळूचा फुगवटा, अपुरी भरलेली गाडी आणि जाड प्लास्टर यांचा भार कबूल करणाऱ्यावर येतो.

पत्र मग असे लिहावे:

'सप्रेम नमस्कार. आपल्या अंतिम बिलातील वाळूच्या दोन जादा खेपांच्या 30,000 रुपयांबाबत हे लिहीत आहे. आपल्या सहीच्या अंदाजपत्रकात वीटकाम, प्लास्टर व फरशी वाळूसह ठरलेल्या रकमेत आहे आणि वाळू 9 ब्रास धरली आहे. जादा वाळू मागवण्यापूर्वी आपण मला लेखी वा तोंडी विचारले नाही. मी कामाची मोजणी करून काढलेला वाळूचा हिशोब सोबत जोडला आहे. त्यानुसार मूळ कामाला साडेआठ ब्रास लागते. कुंपणाची भिंत माझ्या सांगण्यावरून वाढली, तिची अर्धा ब्रास वाळू आपल्याच दराने 2,500 रुपये मला मान्य आहे. उरलेले 27,500 रुपये मला मान्य नाहीत. दारातील सुमारे अर्धा ब्रास वाळू आपली आहे, ती आपण न्यावी. माझ्या मोजणीत चूक वाटत असल्यास पाचही खेपांच्या वाहतूक परवान्यांच्या प्रती आणि आपली मोजणी घेऊन पंधरा दिवसांत यावे, आपण दोघे मिळून पुन्हा मोजू. बिलातील वाद नसलेली रक्कम व हे 2,500 रुपये आजच जमा केले आहेत.'

या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. तीस हजारांच्या वादासाठी सगळे बिल अडवून ठेवले तर दोष मालकाकडे सरकतो, आणि गवंड्यांची मजुरीही त्यात अडकते. वाहतूक परवाना मागण्यालाही कारण आहे. महाराष्ट्रात वाळूच्या गाडीला महसूल विभागाच्या महाखनिज प्रणालीवरचा परवाना लागतो, आणि त्यात गाडीचा क्रमांक व वाळूचे परिमाण असते. मात्र गाडीत किती वाळू निघाली एवढेच तो सांगतो. दारात किती उतरली, ते सांगत नाही.

हेच पत्र सगळ्यांना चालणार नाही. मजुरीचा ठेका असेल आणि वाळू मालकाने स्वतः घेतली असेल, तर फुगवटा व हौद्यातली तूट मालकाचीच. ठेकेदाराकडे बोट दाखवता येईल ते फक्त जाड प्लास्टरसाठी. करारात 'वाळू प्रत्यक्ष लागेल तशी' असे लिहिले असेल, तर खेपा नाकारता येत नाहीत. प्रत्येक खेपेची खरी मोजणी मागता येते. आणि फरक दहा-पंधरा टक्क्यांचाच असेल तर वाद घालू नये. अंदाज तेवढा इकडेतिकडे होतोच.

पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे, एक प्रत व्हॉट्सॲपवरही. उत्तर आले नाही किंवा धमकी आली तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे. कामाची रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर सल्ला घेता येतो. तक्रारीची मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. म्हणून अंदाजपत्रक, बिल, ढिगाचे आणि प्लास्टरच्या कडेचे फोटो तारखेसह जपून ठेवा, आणि तुमचे बांधकाम अजून चालू असेल तर पुढची गाडी रिकामी होण्याआधी हौद्यात टेप टाकून मोजा.