पाणी उडून जातं, भोकं राहतात

कोल्हापुरात फुलेवाडीकडच्या एका साइटवर जूनमध्ये स्लॅब चालू होता. सकाळी एका पोत्याचं मिक्सर नीट फिरत होतं. अकराच्या सुमाराला ऊन तापलं, माल वर पोचायला वेळ लागू लागला आणि वरून हाक आली, "मामा, माल लई घट्ट याय लागलाय, पाटीतनं सुटंना!" मिक्सरवरच्या मामांनी कुणाला न विचारता दहा लिटरची बादली उचलून ड्रममध्ये रिकामी केली. मी हटकलं तर म्हणाले, "सायेब, पाणी काय आत ऱ्हातंय व्हय? चार दिसांत उडून जाणार."

मामांचं निम्मं बरोबर होतं. पाणी उडून जातंच. पण त्याने अडवलेली जागा त्याच्याबरोबर जात नाही.

त्या बादलीचा हिशेब एका पोत्यावर करून बघू. 50 किलो सिमेंट पूर्णपणे मुरलं, तर रासायनिक क्रियेत साधारण साडेअकरा लिटर पाणी बांधलं जातं. त्या क्रियेतून जो चिकट गाभा तयार होतो, त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांत आणखी साडेसात लिटर अडकून राहतं. म्हणजे सिमेंटच्या कामाचं पाणी झालं 19 लिटर. त्याहून जास्त ओतलेलं सगळं पाणी फक्त माल हलता ठेवण्यासाठी असतं. माल घट्ट होताना ते सिमेंटच्या कणांमध्ये बसून राहतं आणि सुकलं की मागे केसासारख्या बारीक नळ्या सोडून जातं. आमच्या साइटवर पोत्याला 24 लिटर पाणी ठरलं होतं, म्हणजे वरचं पाणी 5 लिटर. मामांच्या बादलीनंतर ते 15 लिटर झालं. पाणी दीडपटही वाढलं नाही, पण भोकांची जागा तिप्पट झाली.

पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन म्हणजे वॉटर-सिमेंट रेशो. 24 लिटरला तो 0.48 येतो, 34 लिटरला 0.68. शिकागोच्या डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये मांडलं की नीट दाबून बसवलेल्या काँक्रीटची ताकद मुख्यतः या एका आकड्यावर ठरते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मिक्स डिझाइनच्या जुन्या तक्त्यात 0.48 समोर 28 दिवसांची सरासरी ताकद सुमारे 34 मेगापास्कल दिली आहे आणि 0.68 समोर सुमारे 21. ते आकडे सिलिंडरचे आहेत. आपल्याकडच्या क्यूबला ते थोडे वर येतील, सिमेंट बदललं की आणखी हलतील, पण उतार तसाच राहतो. एका बादलीत जवळपास चाळीस टक्के ताकद गेली, आणि सिमेंट मात्र एक मूठही कमी पडलेलं नव्हतं. "आम्ही सिमेंट भरपूर घातलंय" हे घरमालकाचं समाधान म्हणूनच अपुरं आहे.

ताकदीपेक्षा मला कोल्हापुरात दुसरीच काळजी जास्त वाटते, ती पावसाची. साध्या सिमेंटवरच्या जुन्या प्रयोगांत असं दिसलं की रेशो 0.5 असेल आणि काँक्रीट सतत ओलं ठेवलं, तर त्या नळ्यांची तोंडं साधारण दोन आठवड्यांत आतून बुजतात. 0.6 ला सहा महिने लागतात. 0.7 च्या वर गेलात तर कितीही पाणी मारा, नळ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. अशी गच्ची मग दर पावसाळ्यात ओल ओढते, सळीला गंज चढतो, गंज फुगून छताचे पापुद्रे सुटतात आणि मालक वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर शोधतो. आयएस 456 मध्ये पावसात उघड्या राहणाऱ्या आरसीसीसाठी रेशोची कमाल मर्यादा 0.50 आहे, म्हणजे पोत्याला 25 लिटर. जोराचा पाऊस आणि सतत ओलं-सुकं होणाऱ्या जागी ती 0.45 आहे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं वेगळं आणि मिक्सरमध्ये पाणी ओतणं वेगळं. पहिलं पाणी सिमेंटला मुरायला लागतं आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर ते जितकं द्याल तितकं बरं. "सिमेंटला पाणी पाजावं" हे बोलणं लोक चुकून मिक्सरला लावतात.

आता एक गैरसमज इंजिनिअरांचाही. रेशो म्हणजे मालाच्या पातळपणाचं माप नव्हे. एका घनमीटरमध्ये 360 किलो सिमेंट नि 180 लिटर पाणी घ्या, किंवा 400 किलो नि 200 लिटर. रेशो दोन्हीकडे 0.50 आणि ताकद जवळपास सारखीच, पण दुसरा माल जास्त सैल वाहील. माल किती वाहील हे एकूण पाण्यावर, वाळूच्या आकारावर आणि अॅडमिक्श्चरवर ठरतं. आतली भोकं किती राहतील हे रेशो ठरवतो. त्यामुळे नुसत्या डोळ्याने बघून "रेशो बरोबर आहे" असं कुणीच सांगू शकत नाही.

वरून आलेली घट्ट मालाची तक्रारही खोटी नव्हती. हल्ली वाळू म्हणजे काळ्या दगडाची क्रश सँड. तिचे दाणे कंगोरेदार असतात, त्यात धूळही असते, आणि दोन्हींना ओलं व्हायला जास्त पाणी लागतं. माल खरंच घट्ट राहिला आणि सळ्यांमध्ये बसला नाही, तर मधमाशीच्या पोळ्यासारख्या पोकळ्या राहतात. पाच टक्के पोकळ्यांनीही ताकद तीसेक टक्क्यांनी उतरते. म्हणजे कमी पाणी घालून न बसलेलं काँक्रीट बादलीच्या काँक्रीटइतकंच वाईट. उपाय बादलीचा नाही. व्हायब्रेटर चालू हवा आणि प्लास्टिसायझरची मात्रा आधीच चाचणी घेऊन ठरवलेली हवी. आणि खरंच पाणी वाढवायचंच असेल तर त्याच रेशोने सिमेंटही वाढवा, पण मिक्सरमध्ये. स्लॅबवर पाणी तरंगलं की वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात, ते नव्हे. त्याने फक्त वरचा पापुद्रा तयार होतो, ज्याला पुढे जाळीसारख्या भेगा पडतात.

पाऊस लागला की उलट अडचण येते. पोत्यामागे पाऊणशे किलो वाळू जाते. ती पाच टक्के ओली असेल तर पावणेचार लिटर पाणी आपोआपच ड्रममध्ये गेलेलं असतं, आणि ते 24 लिटरमधूनच वजा करावं लागतं. ढीग ताडपत्रीखाली ठेवला नसेल तर सकाळचं माप दुपारी चालत नाही.

त्या दिवशी आम्ही मामांचा तो घाणा खाली ओतून स्लम्प कोन लावला. एक फूट उंचीचा कोन भरून उचलला, तर ढीग बसला नाही, पसरला. कडेने सिमेंटचं पाणी सुटलं आणि मध्ये खडी उघडी पडली. सकाळचा माल ऐंशी मिलिमीटर खाली बसला होता आणि एकसंध राहिला होता. तो घाणा पायाभरणीच्या भरावात टाकला. मामा काही बोलले नाहीत, पण पुढच्या घाण्याला त्यांनी बादलीवर खडूने रेघ मारून घेतली.

क्यूब मात्र सकाळीच, पहिल्या घाण्याचे भरून झाले होते. कोपऱ्यात ओल्या पोत्याखाली तीनही नीट उभे होते. अठ्ठावीस दिवसांनी लॅबमध्ये ते उत्तम पास झाले असते, मामांची बादली थांबली असती किंवा नसती. म्हणून दुपारी तीनला, मिक्सरवर कुणाचंच लक्ष नसताना, मी आणखी तीन भरून घेतले.